डावीकडचं शून्य

संख्येच्या डावीकडे शून्य लिहिलं तर तिची किंमत बदलत नाही, हे आपण तिसरी-चौथीत शिकतो. ०४०० म्हणजे ४००च. आमच्या एका तरुण सहकाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. फाइल नीटनेटकी करताना त्याला एक शून्य फालतू वाटलं, त्याने ते पुसलं, आणि त्या दिवशी दुपारी सव्वातीनपासून सहा वाजेपर्यंत आमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काही केल्या सुरू होईना.

ती एक बिलं तयार करणारी सेवा होती. प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि तो सर्व्हरवर चढवून चालता करणं वेगळं. या दुसऱ्या कामाला आम्ही डिप्लॉयमेंट म्हणतो. प्रोग्रॅमच्या किती प्रती चालवायच्या, प्रत्येकीला मेमरी किती द्यायची, कुठली किल्ली कुठे ठेवायची, हे सगळं प्रोग्रॅमच्या पोटात लिहीत नाहीत. त्यासाठी एक वेगळी साधी मजकुराची फाइल असते, तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. आमची फाइल कुबरनेटीससाठी लिहिलेली होती. कुबरनेटीस ही व्यवस्था ती फाइल वाचून प्रोग्रॅमच्या प्रती चालवते, पडल्या तर उभ्या करते. फाइल यॅमल नावाच्या पद्धतीने लिहिलेली, साधारण १४० ओळींची. कंस जवळजवळ नाहीत. काय कशाच्या आत आहे ते ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरतं.

लोकांची बिलं मात्र थांबली नव्हती. कुबरनेटीस नवी प्रत नीट उभी राहिल्याशिवाय जुनी काढत नाही, म्हणून जुनी आवृत्ती मुकाट्याने काम करत होती. नवी प्रत उभी राहायची, पडायची, पुन्हा उभी राहायची. पडद्यावर `Init:CrashLoopBackOff` असं दिसत होतं. म्हणजे मुख्य प्रोग्रॅमपर्यंत गाडी पोचतच नव्हती, त्याआधीच्या तयारीच्या टप्प्यावरच अडत होती. दहा मिनिटं वाट पाहून कुबरनेटीसने हात टेकले आणि मुदत संपल्याचं कळवलं.

तयारीच्या टप्प्यात आमचं एक छोटं काम होतं: बिलाचे नमुने आमच्या खासगी गिट-भांडारातून उतरवून घ्यायचे. त्यासाठी एक एसएसएच किल्ली, म्हणजे गुप्त मजकुराची एक फाइल, त्या प्रतीला दिलेली असायची. लॉगमध्ये एवढंच येत होतं: `template fetch failed`. नमुने मिळाले नाहीत; का, ते नाही. कारण आमच्याच स्क्रिप्टमध्ये कुणीतरी फार पूर्वी `2>/dev/null` लिहून खरी चूक सांगणारा मजकूर गिळून टाकला होता. ते "कुणीतरी" म्हणजे मीच, हे नंतर इतिहास तपासताना कळलं.

पहिला पाऊण तास आम्ही तर्क लढवण्यात घालवला. नेटवर्क बंद आहे का? किल्लीची मुदत संपली का? मी तीच किल्ली माझ्या लॅपटॉपवरून वापरून पाहिली, नमुने लगेच उतरले. शेवटी मी म्हटलं, अंदाज पुरे. काल चालत होतं, आज चालत नाही. मधे काय बदललं ते बघू या.

हे म्हणायला सोपं आहे. पहिला प्रश्न असा की "काल"ची फाइल कुठली? माझ्या लॅपटॉपवर एक होती, सहकाऱ्याकडे एक होती, आणि दोन्ही खरी असल्याची खात्री नव्हती. जी आवृत्ती शेवटची यशस्वीपणे चढली होती तिच्यावर गिटमध्ये खूण होती, `v41`. बिघडलेली `v42`. तुलना या दोन खुणांमधलीच करायची, हाताशी असलेल्या प्रतींची नाही. त्यात चूक झाली तर पुढचं सगळं काम नेमकं होतं, पण भलत्याच फाइलचं.

```
git diff v41 v42 -- deploy.yaml
```

पडदा आधी लाल झाला, मग हिरवा. १४०च्या १४० ओळी गेलेल्या आणि १४० नव्या आलेल्या. म्हणजे फाइलमधलं सगळंच बदललं होतं!

असं का दिसतं हे कळायला फरक शोधणारा प्रोग्रॅम काम कसं करतो ते पाहावं लागेल. मूळचा `diff` हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७०च्या दशकात युनिक्ससाठी लिहिला. जेम्स हंट यांच्याबरोबर त्यांनी त्यामागची पद्धत १९७६ साली प्रसिद्ध केली. कल्पना सुंदर आहे. प्रोग्रॅम "काय बदललं" हे शोधतच नाही. दोन्ही फाइलींत जशाच्या तशा आणि त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब माळ तो शोधतो. माळेत न बसलेल्या ओळी जुन्या फाइलीत असतील तर "गेल्या", नव्या फाइलीत असतील तर "आल्या".

किराण्याची यादी घ्या. काल तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ असा क्रम होता. आज गूळ सर्वांत वर लिहिला, बाकी तेच. सामान बदललं का? नाही. पण तांदूळ-तूरडाळ-तेल ही माळ धरून ठेवल्यावर गूळ तिच्यात बसत नाही. म्हणून उत्तर येतं: तळाचा गूळ गेला, वर नवा गूळ आला. जागा बदलणं हा प्रकारच या हिशेबात नाही. शिवाय दोन ओळी समान म्हणजे अक्षरन् अक्षर समान. शेवटी न दिसणारं एक चिन्ह जास्त असलं तरी त्या ओळी निराळ्या.

आमच्याकडे ही दोन्ही दुखणी होती. सहकाऱ्याने फाइल विंडोजवर उघडून साठवली होती. युनिक्समध्ये ओळ एका अदृश्य चिन्हाने संपते, विंडोजमध्ये दोन चिन्हांनी. त्यामुळे एकूण एक ओळ "बदलली". हे ओळखणं सोपं आहे. `cat -A` या आज्ञेने फाइल पाहिली तर युनिक्सच्या ओळीच्या शेवटी `$` दिसतो, विंडोजच्या ओळीच्या शेवटी `^M$`. ते चिन्ह दुर्लक्षित करायला सांगितलं तेव्हा १४०वरून गाडी ८०च्या आसपास आली. उरलेल्या ८०चं कारण असं की त्याच्या संपादकाने प्रत्येक गटातल्या नोंदी अकारविल्हे लावून ठेवल्या होत्या. सगळा गूळ वर गेला होता.

इथे एक मोह होतो. `-w` हा पर्याय दिला की `diff` सगळ्या मोकळ्या जागांकडे काणाडोळा करतो आणि यादी आणखी आखूड होते. यॅमलच्या बाबतीत हे करू नये. मोकळी जागा हाच तिथला अर्थ आहे. एखादी नोंद दोन घरं उजवीकडे सरकली तर ती दुसऱ्याच गटाची होते, आणि `-w` नेमका तोच बदल झाकतो. आमच्या सहकाऱ्याने तो वापरून पाहायचं सुचवलं, मी नको म्हटलं. ओळींच्या शेवटची जागा सोडून द्यायला हरकत नसते, सुरुवातीची सोडू नये.

खरं म्हणजे हा बदल मंजूर होण्याआधी दुसऱ्या माणसाने तपासला होता. पण १४० लाल आणि १४० हिरव्या ओळी कोण वाचतं? त्याने वर-खाली नजर फिरवली, "फॉर्मॅटिंग दिसतंय" म्हणाला आणि होकार दिला. मीही तेच केलं असतं.

मग ओळी सोडून अर्थ ताडून पाहायचा ठरवला. फाइल वाचायची, तिच्यातल्या नोंदी मशीनला जशा कळतात तशा काढायच्या, नावांच्या क्रमाने लावायच्या आणि एकाच साच्यात पुन्हा लिहायच्या. दोन्ही फाइलींचं असं केलं की क्रम, ओळींचे शेवट, अवतरणचिन्हांच्या सवयी हे सगळं गळून पडतं. पायथॉनमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
python3 -c 'import sys,json,yaml
print(json.dumps(yaml.safe_load(sys.stdin),
      indent=2, sort_keys=True))' < v41.yaml > v41.json
```

तसंच `v42`चं. मग या दोन नव्या फाइलींवर `diff` चालवला. पाच फरक उरले. प्रोग्रॅमची आवृत्ती ३.८ची ३.९ झाली होती. प्रती दोनच्या तीन. मेमरी ५१२ची ७६८. लॉगची पातळी `info`ची `debug`. आणि पाचवा हा:

```
-          "defaultMode": 256
+          "defaultMode": 400
```

"ताई, हे २५६ कुठून आलं?" सहकाऱ्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. जुन्या फाइलीत २५६ कुठेच नव्हतं. तिथे होतं `0400`, आणि नव्या फाइलीत `400`.

मला तेव्हाच उत्तर दिसलं, असं सांगायला आवडलं असतं. पण माझं लक्ष मेमरीवर आणि नव्या आवृत्तीवर होतं. प्रोग्रॅम पडला की माणूस आधी मोठ्या बदलाकडे बघतो. पाच फरक समोर असताना संशयिताची निवड नजरेने करू नये. प्रयोगाने करावी.

त्यासाठी वेगळी चाचणीची जागा घेतली, लोकांच्या बिलांना धक्का लागू नये म्हणून. जुनी चालणारी फाइल घेतली आणि पाचपैकी दोनच बदल तिच्यात केले: नवी आवृत्ती आणि जास्तीची मेमरी. चार मिनिटांत प्रत व्यवस्थित उभी राहिली. माझे दोन्ही आवडते संशयित एका फटक्यात सुटले. उरले तीन. पुन्हा जुनी फाइल, त्यात प्रतींची संख्या आणि लॉगची पातळी बदलली, तीही चालली. आता एकच उरला. तरीही तो घालून पाहिला: जुनी फाइल, फक्त `0400`च्या जागी `400`. पडली. मग उलट बाजूने: नवी फाइल पूर्ण, फक्त `400`च्या जागी `0400`. चालली.

शेवटचे दोन प्रयोग लोक टाळतात, आणि मला ते सगळ्यांत मोलाचे वाटतात. हा एकच बदल केला की बिघडतं आणि हा एकच मागे घेतला की सुधारतं, अशा दोन्ही बाजू जुळल्या तरच हाच दोषी आणि एकटाच दोषी असं म्हणता येतं. कधीकधी दोन बदल वेगवेगळे निरुपद्रवी असतात आणि एकत्र आले की घात करतात. तेव्हा निम्मे-निम्मे करत जाण्याची ही साधी पद्धत फसते. दोन्ही निम्मे भाग चालतात आणि अख्खा मात्र पडतो. जर्मन संगणकशास्त्रज्ञ आंद्रेआस झेलर यांनी १९९९ साली यावर पद्धतशीर उपाय मांडला. त्यांच्यासमोर जीडीबी या प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या होत्या आणि मधे १,७८,००० बदललेल्या ओळी होत्या. पहिली आवृत्ती त्यांच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमशी जुळवून घेत होती, दुसरी नाही. त्यांच्या पद्धतीने मशीननेच गट पाडत, तपासत, गरज पडली तर गट आणखी बारीक करत शेवटी एकच बदल काढून दाखवला: जीडीबी जो मजकूर पडद्यावर छापायचा त्यातले शब्द कुणीतरी किंचित बदलले होते. आमचे बदल पाचच होते, म्हणून हाताने भागलं.

आता त्या शून्याकडे येऊ.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन जणांसाठी परवानगी असते: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे. प्रत्येकाला वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ असे गुण. त्यांची बेरीज ० ते ७च्या बाहेर जात नाही. म्हणून ही परवानगी आठच्या पायाच्या अंकांत लिहितात, तीन जणांचे तीन अंक. ४०० म्हणजे मालकाला वाचता येईल, गटाला काही नाही, बाकीच्यांना काही नाही. गुप्त किल्लीला अगदी योग्य.

पण फाइल वाचणाऱ्याला हा आकडा आठच्या पायाचा आहे हे कळणार कसं? सी भाषेपासून चालत आलेली खूण अशी: डावीकडे शून्य असेल तर आठचा पाया, नसेल तर नेहमीचा दहाचा. यॅमलच्या १.१ आवृत्तीने ती उचलली. म्हणून `0400` म्हणजे चार वेळा चौसष्ट, २५६. जुन्या फाइलीतला तो अनोळखी आकडा हाच. शाळेतलं डावीकडचं शून्य इथे संख्येचा पायाच ठरवत होतं.

शून्य पुसल्यावर उरले साधे दहाच्या पायाचे चारशे. ते आठच्या पायात मांडून बघा: चौसष्टचे सहा झाले ३८४, उरले १६, म्हणजे आठाचे दोन, शेवटी शून्य. ६२०. मालकाला वाचता-लिहिता येईल आणि गटाला लिहिता येईल! एसएसएच अशा किल्लीला हात लावत नाही. तुझ्याशिवाय दुसरं कुणी या फाइलीपर्यंत पोचू शकतं, तेव्हा मी ती वापरणार नाही, असं सांगून ते बाजूला होतं. स्क्रिप्टमधलं ते `2>/dev/null` काढल्यावर लगेच दिसलं:

```
Permissions 0620 for '/keys/id_ed25519' are too open.
This private key will be ignored.
```

लॅपटॉपवर तीच किल्ली चालली, कारण तिथे तिची परवानगी ठीक होती. किल्ली खराब नव्हतीच. ती ज्या खोक्यात ठेवली होती त्याचं झाकण उघडं होतं.

कुबरनेटीसने अडवलं का नाही? ते इथला आकडा तपासतं, पण एवढंच की तो ० ते आठच्या पायातल्या ७७७, म्हणजे ५११ यांच्या दरम्यान आहे. शून्य विसरून कुणी `600` किंवा `644` लिहिलं तर ते ५११च्या वर जातं आणि फाइल दारातच परत पाठवली जाते. `400`, `440`, `444` मात्र बिनबोभाट आत जातात आणि त्यांचे अनुक्रमे ६२०, ६७० आणि ६७४ होतात. ज्यांना किल्ली सर्वांत कडक बंदोबस्तात ठेवायची असते तेच लोक हे आकडे लिहितात, ही त्यातली गंमत. ज्यांनी चालू कुबरनेटीसमधून फाइल परत वाचून पाहिली आहे त्यांना `defaultMode: 420` ही ओळ भेटली असेल. आपण काहीच सांगितलं नाही तर तिथे ०६४४ गृहीत धरतात, आणि परत सांगताना दहाच्या पायात सांगतात.

आणि ज्या गोष्टीने मी त्या संध्याकाळी खरी हादरले ती पुढची. २००९ साली यॅमलची १.२ ही आवृत्ती आली. तिने ही डावीकडच्या शून्याची खूण काढून टाकली. आठचा पाया हवा असेल तर `0o400` असं लिहायला सांगितलं. १.२च्या नियमाने `0400` म्हणजे सरळ चारशे, शाळेतल्यासारखंच. आज काही वाचक प्रोग्रॅम १.१ पाळतात, काही १.२. कुबरनेटीस `0400`ला २५६ म्हणतं, आणि मी वापरलेली पायथॉनची लायब्ररीही तसंच म्हणते. हा निव्वळ योगायोग होता. मी त्याच दिवशी १.२ पाळणाऱ्या साधनाने दोन्ही फाइली अर्थाने ताडल्या असत्या तर त्याने चार फरक दाखवले असते. पाचव्या ठिकाणी दोन्हीकडे ४०० दिसलं असतं, म्हणजे फरक नाही.

ओळींची तुलना गरजेपेक्षा जास्त दाखवते, म्हणून आपण अर्थाच्या तुलनेकडे जातो. पण अर्थ कुणाला कळलेला? तुलना करणाऱ्या साधनाला कळलेला, फाइल शेवटी ज्याच्या हातात जाणार त्याला नव्हे. ते दोघे एकाच नियमाने वाचत नसतील तर खरा फरकच गाळला जातो. शंका आली तर एक खुंटी बळकट आहे: दोन्ही फाइली वेगवेगळ्या चाचणीच्या जागी चढवायच्या आणि कुबरनेटीसलाच विचारायचं, तुला काय कळलं ते सांग. ते `256` आणि `400` असं स्पष्ट सांगतं. त्यात त्याने स्वतः भरलेल्या नोंदी खूप असतात, पण त्या दोन्हीकडे सारख्याच असल्याने तुलनेत फारसा गोंधळ घालत नाहीत.

अर्थाच्या तुलनेत आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे टिप्पण्या. जुन्या फाइलीत त्या ओळीशेजारी "शून्य काढू नये" असं लिहिलेलं असतं तरी आमच्या पाच फरकांत ते आलं नसतं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

सहाच्या सुमारास दुरुस्त फाइल चढली. मग चहा घेताना वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, आता तिथे सरळ `256` लिहू या, म्हणजे वाचणारा कुठल्याही नियमाने वाचो, आकडा तोच राहील. कुबरनेटीसच्या कागदपत्रांतही जेसनमध्ये लिहिताना ०४००साठी २५६ वापरा असंच सांगितलं आहे, कारण जेसनमध्ये आठच्या पायाची सोयच नाही. दुसऱ्या एकाचं म्हणणं, २५६ बघून कुठल्याही माणसाला परवानगी कळणार नाही आणि सहा महिन्यांनी कुणीतरी ते मेमरीचं माप समजून ५१२ करेल. (केलं असतं तर निदान दारातच अडलं असतं, ५११ची हद्द आहे.) शेवटी दोघांचं ऐकलं:

```
defaultMode: 256  # 0400
```

फाइल सजवणारा बदल आणि अर्थ बदलणारा बदल एकत्र पाठवायचे नाहीत, हेही त्याच चहावर ठरलं. माझ्या स्क्रिप्टमधलं `2>/dev/null` मी स्वतः खोडलं. ते तपासायला मात्र तिघं जण मागे उभे राहिले होते.